नवरदेव दोन शब्द बोलतील

आभारप्रदर्शन सुरू झालं की उठायचं, ही आपली जुनी सवय. शाळेचं स्नेहसंमेलन असो, व्याख्यानमाला असो की पतसंस्थेची सर्वसाधारण सभा, शेवटचा वक्ता खिशातून कागद काढू लागला की मागच्या रांगा चपला शोधू लागतात. गावाकडच्या लग्नांत तर मुहूर्त टळून गेला तरी माईकवरून सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंचांच्या स्वागताची यादी चालूच असते. सगळ्यांची नावं घेतल्यावर कुणाचंच नाव कुणाच्या कानात राहत नाही, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. तरीही रिसेप्शनमध्ये बोलायची वेळ आली की चांगला शिकलेला नवरदेव नेमका तोच कागद काढतो.

आपल्या हिंदू लग्नात नवरदेवाला भाषण करावं लागत नाही. तो उखाणा घेतो, फार तर कुणी आग्रह केला तर दोन ओळी बोलतो, आणि मग पाकिटं घेत, फोटोसाठी हसत स्टेजवर उभा राहतो. नात्यातल्या लोकांची नावं घरच्या घरी रचलेल्या मंगलाष्टकांत कधीच गुंफून झालेली असतात. उत्तराचं भाषण ही मूळची इंग्रजी लग्नातली रीत आहे. तिथे जेवणाच्या सुमारास आधी वधूचा बाप बोलतो आणि जोडप्याच्या नावाने पेला उंचावायला सांगतो. त्याला उत्तर म्हणून नवरदेव उठतो, दोघांच्या वतीने बोलतो, दोन्ही घरांचे आभार मानतो आणि रीतीप्रमाणे करवल्यांच्या नावाने पेला उंचावतो. मग नवरदेवाचा मित्र, म्हणजे बेस्ट मॅन, करवल्यांच्या वतीने उत्तर देतो आणि मित्राची यथेच्छ टर उडवतो. लंडन-लेस्टरमधल्या मराठी घरांतही आता हे रुळलं आहे. सकाळी सप्तपदी, संध्याकाळी भाषणं.

पण ही रीत समजून घ्यायला इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. गोव्यातल्या, मुंबईतल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत ती केव्हापासून चालत आली आहे. चर्चमधली मिसा होते, संध्याकाळी हॉलवर नवरा-नवरी बँडच्या तालावर आत येतात, केक कापला जातो. मग घरातला एखादा जाणता माणूस, बहुधा काका, मामा किंवा धर्मपिता, ‘टोस्ट रेझ’ करतो. म्हणजे जोडप्याविषयी चार गोष्टी सांगून सगळ्यांना पेला उंचवायला लावतो. सगळे उभ्याने गाणं म्हणतात, हिप हिप हुर्रे होतं, आणि एम्सी माईक नवरदेवाच्या हातात देतो.

हा क्षण जरा नीट पाहायला हवा, कारण भाषण कसं असावं हे त्यावरच ठरतं. लोक उभे आहेत, हातात पेला आहे. जेवण अजून लागलेलं नाही, पण मागून वास येऊ लागला आहे. बँडवाल्यांनी वाद्यं मांडीवर घेतली आहेत, पहिला नाच अजून व्हायचा आहे. अशा वेळी माणूस प्रेमाने ऐकतो, पण तीन-चार मिनिटंच. पाचव्या मिनिटाला पेला टेबलावर जातो आणि सहाव्याला शेजाऱ्याशी बोलणं सुरू होतं. इंग्रजी लग्नात लोक बसलेले असतात, म्हणून तिथे सात-आठ मिनिटंही खपतात. आपल्याकडे चार ही हद्द समजावी.

चार मिनिटांत किती बोलता येतं? मराठीत सावकाश, थांबत, लोकांना हसायला जागा देत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांत चारशे. आता यादीचा हिशेब करू. ‘माझे मोठे मामा आणि त्यांचं कुटुंब’ एवढं म्हणून श्वास घ्यायला चार सेकंद लागतात. चव्वेचाळीस नावं म्हटली तर तीन मिनिटं त्यातच संपली. उरलेल्या एका मिनिटात आई-बाप, सासू-सासरे आणि जिच्याशी लग्न केलं ती बायको, असे सगळे बसवायचे. मग त्यांच्या वाट्याला ‘शब्दच नाहीत’ हे वाक्य येतं, आणि ते खरंही असतं.

चव्वेचाळीस हा आकडा मी सहज घेतलेला नाही. नवरदेव घरच्यांना ‘कुणाचे आभार मानायचे?’ असं विचारतो तेव्हा वही साधारण तेवढीच भरते. अशी एक वही घेऊन पुढे जाऊ. समजा, नवरा वसईतल्या गासचा. बापाची मोगऱ्याची आणि केळीची वाडी आहे. नवरी गोव्याची, बार्देशातली. तिचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. लग्न गोव्यात, रिसेप्शन म्हापशाजवळच्या हॉलमध्ये. वसईची मंडळी रात्रभर बसने आलेली आहेत. वहीत चव्वेचाळीस नावं, त्यातली निम्मी आईने सांगितलेली.

पहिल्यांदा त्यातली अकरा नावं पैसे घेऊन काम करणाऱ्यांची निघतात. हॉल, सजावट, केटरर, बँड, फोटोग्राफर, बसवाला वगैरे. त्यांना वेळेवर पैसे आणि निघताना हातात हात घेऊन शाबासकी द्यावी, स्टेजवरून काही नको. बँडचं नाव हवंच असेल तर एम्सी घेतो, ते त्याचं काम आहे. पाच नावं चर्चची. फादर, गायनमंडळाच्या प्रमुख बाई, सजावट करणाऱ्या मुली, वेदीचं पाहणारे. त्यांचे आभार मिसेनंतर चर्चच्या आवारात मानलेले बरे, कारण त्यातले निम्मे लोक रिसेप्शनला नसतातही. तीन नावं ‘मोठ्या’ पाहुण्यांची आहेत. वडिलांचे ओळखीचे नेते, सोसायटीचे चेअरमन, कंपनीतले साहेब. यांचं स्वागत दारात होतं. नवऱ्याच्या उत्तरात त्यांचं नाव आलं की सासरच्यांना आपण कुणाच्या तरी सभेला आल्यासारखं वाटतं.

चौदा नावं चुलत-मामे भावंडांची आणि मित्रांची निघाली. खरं काम यांनीच केलेलं असतं, त्यामुळे त्यांना वगळून चालणार नाही. पण त्यांना एकेकट्या नावाने नव्हे, त्यांनी मिळून जे केलं त्याने ओळखावं. ते पुढे येईलच. सात नावं काका, मामा, आत्या आणि धर्मपालकांची. गोव्यात काय, वसईत काय, जेवताना नवरा-नवरी टेबला-टेबलाशी जातातच. तिथे आत्याचा हात धरून म्हटलेलं एक वाक्य माईकवरच्या तिच्या नावापेक्षा तिला जास्त प्रिय असतं. शिवाय तिथे शेजारच्या टेबलाला ते ऐकू जात नाही, हा आणखी एक फायदा.

उरली चार नावं. दोघांचे आई-वडील. भाषण या चौघांचं आहे.

इथे एक शंका येतेच: मामा रुसले तर? मानपान हा आपल्या लग्नांचा कणा आहे, आणि वसई-गोव्याचे ख्रिस्तीही त्यात मागे नाहीत. माझं निरीक्षण असं की रुसवा नाव न घेतल्याने होत नाही. दुसऱ्याचं घेऊन आपलं न घेतल्याने होतो. धाकट्या मामाचं नाव आलं आणि मोठ्या मामाचं राहिलं तर पुढच्या तीन लग्नांत ते निघतं. कुठल्याच मामाचं आलं नाही तर कुणी काही म्हणत नाही. म्हणून नियम कडक ठेवावा: एका नात्यातल्या एकाचं नाव घेतलं की त्या नात्यातल्या सगळ्यांचं घ्यावं लागतं, आणि ते जमणार नसेल तर एकाचंही घेऊ नये. एखाद्या वडीलधाऱ्याला नाव ऐकायचंच आहे, हे आधीपासून माहीत असेल तर त्याला काम द्यावं. टोस्ट रेझ करायला सांगावं किंवा जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला लावावी. मग एम्सी त्यांचं नाव नात्यासकट, मोठ्या आवाजात घेतो आणि नवरदेव मोकळा होतो.

आता चौघांविषयी काय बोलायचं. ‘आई-बाबांनी खूप कष्ट करून मला वाढवलं’ हे वाक्य त्या हॉलमधला कुणीही मुलगा म्हणू शकेल. जे कुणालाही लागू पडतं ते कानावरून जातं. त्याऐवजी प्रत्येकाचं एक काम शोधावं. हाताने केलेलं, कधी आणि कुठे केलं ते सांगता येईल असं, आणि शक्यतो त्या माणसाला आपण ते पाहिलंय हे माहीत नसेल असं. आपल्या आई-वडिलांचं सहज आठवतं. सासू-सासऱ्यांचं आठवत नाही, कारण आपण तेव्हा नव्हतो. त्यासाठी बायकोला विचारावं लागतं: तुझ्या आईने तुझ्यासाठी केलेली, तुला अजून आठवते अशी एक गोष्ट सांग. गुण विचारू नये, गोष्ट विचारावी. ‘मम्मी फार प्रेमळ आहे’ हे उत्तर आलं तर पुन्हा विचारावं.

आपल्या या जोडप्यात मिळालेली उत्तरं अशी समजू. वडील वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. पण कुठल्याही बंदरातून रविवारी फोन यायचा आणि पहिला प्रश्न गणिताचा असायचा. आई मुलीला पावसाळ्यात स्कूटरवर म्हापशाला शिकवणीला न्यायची आणि शिकवणी सुटेपर्यंत बाजारात उभी राहायची. इकडे नवऱ्याचे वडील मोगऱ्याची टोपली घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जायचे. आई आदल्या रात्री उशिरापर्यंत कळ्या निवडत बसायची. शिवाय एक आजी आहे, जी आता नाही.

एवढं हातात आलं की भाषण लिहिता येतं. मी ते असं लिहीन:

‘अंकल, तुम्ही आत्ता सांगितलंत की लहानपणी ही फणसाच्या झाडावर चढली की संध्याकाळपर्यंत उतरायची नाही. हे साखरपुड्याआधी सांगायला हवं होतं. आमच्या वाडीत केळी आणि मोगरा. चढायला एकही झाड नाही. आता एक फणस लावावा लागेल.

‘डॅडी, मम्मी, देव बरें करूं. डॅडी, बोट कुठल्याही बंदरात असो, रविवारी तुमचा फोन यायचा आणि तुम्ही आधी विचारायचात, गणितात किती पडले. तिने मला हे रागाने सांगितलं होतं. पण आमच्या घराच्या कर्जाचे हप्ते मांडले तेव्हा माझी चूक तिने काढली, तेव्हा मला त्या फोनांची किंमत कळली. मम्मी, पावसात स्कूटरवरून म्हापशाला नेऊन तुम्ही बाजारात दीड तास उभ्या राहायचात. ती आजही कुणाला सोडायला गेली की तो आत जाईपर्यंत दारात थांबते. हे कुठून आलं ते मला आता माहीत आहे.

‘आता आमच्या घराकडे. पप्पा पहाटेच्या लोकलने मोगरा दादरला न्यायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या शर्टाला मोगऱ्याचा वास येतो. आई, तू रात्री कळ्या निवडत बसायचीस आणि मी शेजारी अभ्यास करायचो. अभ्यास कमी व्हायचा, कळ्या जास्त, हे तू पप्पांना कधी सांगितलं नाहीस. आज या हॉलमध्ये जो मोगरा आहे तो काल आपल्या वाडीतून निघाला. बसमध्ये रात्रभर पप्पांनी ती टोपली कुणाला धरू दिली नाही.

‘त्या वाडीतली पहिली रोपं आजीने लावली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. इथला बँड तिला अजिबात आवडला नसता. जेवायला मात्र ती पहिल्या पंगतीला असती.

‘काल रोसासाठी ज्यांनी नारळ खवले आणि ज्यांचे हात अजून दुखताहेत, त्यांनी हात वर करा. रात्रभर बसमध्ये बसून जे वसईहून आले, ते पण. आणि पहाटेपर्यंत या हॉलवर दिवे लावत होते, ते सगळे. आता हात वर असलेल्यांकडे बाकीच्यांनी बघा. तुम्ही आज जे जेवाल, बघाल, नाचाल, ते यांनी केलंय. आम्हा दोघांकडून तुम्हाला टाळ्या.

‘पेला अजून हातात असेल तर पुन्हा एकदा उचला. मुलीला गणित विचारणाऱ्या आणि मुलाकडून कळ्या निवडून घेणाऱ्या या चौघांसाठी. पप्पा, आई, डॅडी, मम्मी. व्हिवा!’

साधारण दोनशे साठ शब्द. हशा आणि टाळ्या धरून तीन मिनिटं. त्यात आई-वडिलांच्या हाकांखेरीज एकही नाव नाही, बायकोचंही नाही, आणि तरी कुणी वगळलं गेल्यासारखं वाटत नाही.

यातले काही सांधे उघडून दाखवायला हवेत. पहिलं वाक्य आधी लिहिलेलं नाही, ते ऐनवेळचं आहे. हे उत्तराचं भाषण आहे, म्हणजे आधीच्या बोलण्याला उत्तर देणं हे त्याचं पहिलं काम. टोस्ट करणारा काका फणसाच्या झाडाची गोष्ट सांगेल हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने कागदावर वरच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या आणि काका बोलत असताना एक गोष्ट पकडली. एवढ्याने हॉलला कळतं की हा माणूस ऐकत होता. लिहून आणलेल्या प्रस्तावनेने सुरुवात केली की काकांचं बोलणं वाया जातं, आणि बहुतेक नवरदेव इथेच पहिली चूक करतात. काकांनी विशेष काही सांगितलं नाही तर निदान त्यांच्या आवाजाचं किंवा टायचं काही तरी बोलता येतं.

सासरचे आधी आणि घरचे नंतर, हा क्रम ठरवूनच ठेवलेला आहे. आपल्या माणसांना थांबायला लावता येतं, पाहुण्यांना नाही. मात्र दोन्ही बाजूंची वाक्यं मोजून सारखी ठेवावीत. सासऱ्यांना सहा आणि बापाला दोन मिळाली तर ते बापाला कळतं. आईला तर आधीच कळतं. लिहून झाल्यावर दोन्ही परिच्छेद घड्याळ लावून वाचावेत. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर मोठा कापावा, छोटा फुगवू नये.

सासरच्यांचे आभार मानताना ‘तुमची मुलगी मला दिलीत’ हे वाक्य तोंडावर येतं, कारण ते आपल्या कानांत पिढ्यानपिढ्या बसलं आहे. मला ते ऐकवत नाही. मुलीने स्वतः होकार दिलेला असतो आणि ती शेजारीच उभी असते. वरच्या भाषणात त्याऐवजी सासरच्यांनी मुलीला काय दिलं आणि ते तिच्यात कसं दिसतं, हे सांगितलं आहे. आभार तिथेच येतात, ‘आभार’ शब्द न उच्चारता. ‘देव बरें करूं’ ही एवढी एकच कोंकणी ओळ ठेवली आहे. सासरच्या भाषेतली एक ओळ नीट उच्चारता आली तर घ्यावी. येत नसेल तर सोडावी, भलत्याच उच्चाराने लोक हसतात आणि पुढचं वाक्य बुडतं.

गेलेल्या माणसाची आठवण कुठे ठेवायची, याचं उत्तर ‘मध्ये’. शेवटी ठेवली तर हॉल रडतो आणि लगेच बँड वाजवायचा असतो. सुरुवातीला ठेवली तर पुढचा विनोद निर्लज्ज वाटतो. मध्ये, दोन वाक्यांत, आणि तिसरं वाक्य असं की तिला ओळखणारा प्रत्येक जण हसेल. ज्या घरात आई-वडील वेगळे झाले आहेत किंवा आईने पुन्हा लग्न केलं आहे, तिथेही ही कामाची पद्धत उपयोगी पडते. नात्याचं नाव न घेता ‘मला सायकल शिकवताना ज्यांनी सीट धरली होती’ असं म्हणता येतं, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं.

हात वर करायला सांगण्याची युक्ती चौदा नावांची जागा घेते. त्यात दोन्हीकडचे लोक मिसळलेले आहेत हे महत्त्वाचं. नारळ खवणाऱ्या बायका नवरीच्या वाड्यावरच्या, बसने आलेले वसईचे. हात वर गेले की दोन्ही टोळ्यांनी एकमेकांना पहिल्यांदाच नीट पाहिलेलं असतं. पण गट तीनच घ्यावेत. चौथा गट आला की पुन्हा यादी झाली.

यादी अशी वेश बदलूनही येते. आपण नावं काढली, कामं घातली, पण मग ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘विशेष म्हणजे’ या शब्दांनी एकेक काम जोडत गेलो तर ते पुन्हा आभारप्रदर्शनच होतं. कागद हातात घेऊन ‘तसेच’ला गोल करावा. दोनपेक्षा जास्त गोल दिसले तर भाषण यादीकडे घसरलं आहे. प्रत्यक्ष हॉलमध्येही खूण कळते. एखाद्या वाक्यानंतर सगळा हॉल टाळ्या वाजवत नाही, एकच टेबल वाजवतं, आणि पुढच्या वाक्यानंतर दुसरं. असं दोनदा झालं की मधलं सगळं सोडून पेला उचलावा. कुणालाही कळत नाही की काही गाळलं.

कागदाविषयी थोडं. मोबाइलवरून वाचू नये. पडदा मध्येच काळा होतो, अभिनंदनाचे मेसेज वर येतात, आणि चेहऱ्यावर निळा उजेड पडून फोटो बिघडतात. तळहाताएवढं जाड कार्ड घ्यावं. त्यावर पूर्ण वाक्यं लिहू नयेत, शब्द लिहावेत: फणस, रविवार, स्कूटर, लोकल, कळ्या, आजी, हात, पेला. एवढ्या आठ शब्दांवर वरचं भाषण उभं राहतं. पूर्ण वाक्यं लिहिली की माणूस वाचू लागतो, आणि वाचू लागला की मान खाली जाते. माईक हनुवटीपाशी, तोंडापासून चार बोटं दूर धरावा. बँडच्या स्पीकरसमोर उभं राहू नये, नाहीतर पहिल्याच शब्दाला शिट्टी वाजते. आपल्या नावाने टोस्ट होत असताना आपण प्यायचं नसतं, फक्त हसून मान लववायची, ही जुनी इंग्रजी रीत आहे. ती पाळली तर एक घोट वाचतो आणि जीभही शाबूत राहते.

वडिलांच्या वाक्याशी आवाज अडकला तर थांबावं. लोक थांबतात. ‘सॉरी’ म्हणू नये, पाणी मागू नये, तीन-चार सेकंदांत आवाज परत येतो. म्हणूनच ते वाक्य अगदी पहिलं ठेवू नये. आधी फणसावर हॉल हसलेला असला की हा थांबा त्यांना जड जात नाही.

वहीतल्या बाकीच्या चाळीस नावांचं काय? त्यातले केटरर, फादर, आत्या आणि मामा त्या दिवशीच निपटले. भावंडांना आणि मित्रांना नंतर दोन ओळी लिहायच्या, प्रत्येकाला वेगळ्या आणि हाताने. सगळ्यांना एकच मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरवला की यादीच पुन्हा वाचून दाखवल्यासारखं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात हे झालं नाही तर ते कधीच होत नाही, तेव्हा वही फेकू नका.

आणि भाषण लिहून झालं की लग्नाआधी ते घरात वाचून दाखवू नका. आई म्हणेल, धाकट्या काकींचं राहिलं. वडील म्हणतील, चेअरमनसाहेबांचं घे. सगळे प्रेमानेच बोलतील आणि रात्रीपर्यंत चव्वेचाळीस नावं परत आत येतील. एकाच माणसाला दाखवा: जिच्याशी लग्न करताय तिला. स्कूटरची गोष्ट मम्मीला चारचौघांत आवडेल का, आणि शिकवणी म्हापशालाच होती ना, हे तीच सांगू शकते.